तीन दर, एक फलक

सांगली-मिरजेच्या बाजूला एसी दुरुस्तीचा व्यवसाय करणारे एक घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. अण्णांनी पंचवीस वर्षांपूर्वी फ्रीज दुरुस्तीपासून सुरुवात केली. आता दुकानाचे बाहेरचे काम मुलगा पाहतो आणि वही सूनबाई सांभाळतात. कारागीर व मदतनीस अशा दोन जोड्या रोज मोटारसायकलने बाहेर पडतात. काम भरपूर आहे, नावही चांगले आहे. तरीही वर्षअखेरीस हाती उरणारी रक्कम पाहिली की घरातले सगळे थोडा वेळ गप्प होतात.

या घराचा मुख्य आधार म्हणजे वार्षिक देखभाल करार. एका एसीसाठी एकच दर होता, २,४०० रुपये. त्यात वर्षातून तीन वेळा धुऊन सफाई आणि मधे काही बिघाड झाला तर मोफत फेरी मिळे. सुट्या भागांचे पैसे मात्र वेगळे. फोनवर दर सांगितला की ग्राहकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : “कमी किती कराल?” कुणाला २,२०० मध्ये, कुणाला जुना संबंध म्हणून २,००० मध्ये करार दिला जाई. सरासरी २,१०० रुपये पडत.

सूनबाईंनी एका फेरीचा खरा खर्च काढला तेव्हा पहिला उलगडा झाला. कारागीर आणि मदतनीस यांची दिवसाची मजुरी १,६०० रुपये, पेट्रोल २०० रुपये, आणि दिवसात नीट होणारी कामे पाच. म्हणजे फेरीमागे ३६० रुपये झाले. फोन, सफाईचे रसायन, पंपाची झीज धरून ४०० रुपये. तीन सफायांचे १,२००. बिघाडासाठी एका एसीमागे वर्षात सरासरी सव्वा फेरी, तिचे ५००. एकूण १,७०० रुपये. २,१०० मधून उरले ४००, आणि दुकानाचे भाडे व घरच्या माणसांचा मोबदला त्यातूनच निघायचा. शंभर एसींची विचारणा आली तर चाळिसांचा करार होई. म्हणजे शंभर विचारणांमागे १६,००० रुपये.

मुलाने सुचवले की एका दराऐवजी तीन दर ठेवावेत : साधा, मध्यम आणि संपूर्ण. “बहुतेक लोक मधला घेतात, अण्णा. सगळीकडे तसेच चालते,” तो म्हणाला. अण्णांचा प्रश्न मात्र सरळ होता : “जे आपल्याला विकायचेच नाही, ते केवळ मधला माल खपावा म्हणून मांडायचे? मग ते गिऱ्हाइकाला फसवणेच झाले की.”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्याआधी माणूस मधला पर्याय का घेतो, हे पाहिले पाहिजे.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. इटामार सायमनसन यांनी १९८९ साली यावर लेखन केले, आणि १९९२ साली त्यांनी एमॉस ट्वर्स्की यांच्याबरोबर केलेला कॅमेऱ्यांचा प्रयोग पुढे प्रसिद्ध झाला. एका गटापुढे एकाच कंपनीचे दोन कॅमेरे ठेवले : एक सुमारे १७० डॉलरचा, दुसरा सुमारे २४० डॉलरचा. निवड निम्मी-निम्मी झाली. दुसऱ्या गटापुढे हेच दोन आणि शिवाय सुमारे ४७० डॉलरचा तिसरा कॅमेरा ठेवला. आता ५७ टक्क्यांनी मधला निवडला. स्वस्त कॅमेरा निवडणारे २२ टक्क्यांवर आले आणि महाग कॅमेरा २१ टक्क्यांनी घेतला. मधल्या कॅमेऱ्यात काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती फक्त त्याच्या शेजारची जागा.

त्यामागचे कारण साधे आहे. ज्या वस्तूची पारख स्वतःला करता येत नाही, तिथे माणूस निवडीसाठी आधार शोधतो. सर्वांत स्वस्त घेतले आणि काम बिघडले तर घरचे विचारतील, “चार पैसे वाचवायला गेलात ना?” सर्वांत महाग घेतले आणि गरज पडली नाही तर तेच घरचे उधळपट्टी म्हणतील. मधल्या निवडीचे समर्थन दोन्ही बाजूंनी करता येते. कार्यालयासाठी करार करणाऱ्या व्यवस्थापकाला तर हे समर्थन मालकापुढे खरोखरच करावे लागते. सेवा ही वस्तू हातात घेऊन, वळवून पाहता येत नाही, म्हणून सेवेच्या व्यवसायात मधल्या पर्यायाचा आधार अधिकच लागतो. मात्र ज्याला आपली गरज नेमकी ठाऊक आहे, त्याच्यावर या मांडणीचा फारसा परिणाम होत नाही. ज्या शोरूममध्ये वीस एसी आहेत, तिथला अनुभवी देखभालप्रमुख फलकाकडे पाहणार नाही. तो आपली यादी पुढे करील.

एकच दर सांगितला की ग्राहकापुढे ‘घ्यायचे की नाही’ एवढाच प्रश्न उरतो आणि घासाघीस त्या एकाच आकड्यावर होते. तीन दर सांगितले की प्रश्न ‘यातले कोणते’ असा होतो. अण्णांच्या शंकेचे अर्धे उत्तर इथे आहे. ग्राहकांच्या गरजा मुळातच तीन प्रकारच्या असतील, तर त्यांना तीन पर्याय देणे ही फसवणूक नाही. सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवण्यापेक्षा ते अधिक सरळ आहे. उरलेले अर्धे उत्तर तिन्ही पर्याय कसे बांधले जातात त्यावर अवलंबून असते.

घरातल्या तिघांनी दोन संध्याकाळ बसून हे पर्याय बांधले. अण्णांनी पहिली अट घातली : कामाचा दर्जा तिन्हींत एकच राहील. सफाई करायची तर आतले जाळीदार कॉइल, पंखा, पाण्याचा ट्रे, निचऱ्याची नळी आणि बाहेरच्या यंत्राचे कॉइल, हे सर्व पंपाच्या पाण्याने धुतले जाईल. स्वस्त करारात फक्त फिल्टर झटकून निघून यायचे, हे चालणार नाही. ही अट केवळ सद्‌भावनेची नव्हती, तिच्यात व्यवहारही होता. निचऱ्याची नळी न धुता सोडली तर महिन्या-दोन महिन्यांत पाणी भिंतीवर ओघळते, आणि त्या वेळी ग्राहक आपण स्वस्त करार घेतल्याचे आठवत नाही. त्याला कारागिराचे नाव तेवढे आठवते. सर्वांत खालचा पर्याय लहान असावा, पण अपुरा असू नये.

मग फरक कशात ठेवायचा? तीनच गोष्टींत : सफाया किती, बिघाडाला धाव किती लवकर, आणि सुट्या भागांचा भार कोणावर. साध्या करारात दोन सफाया, एक उन्हाळ्यापूर्वी आणि एक दिवाळीनंतर. बिघाडाची फेरी ४५० रुपये देऊन. दर १,५०० रुपये. मध्यम करारात तीन सफाया, बिघाडाची फेरी मोफत आणि २४ तासांत, शिवाय कपॅसिटर करारातच. दर २,७०० रुपये. संपूर्ण करारात चार सफाया, त्याच दिवशी धाव, आणि गॅस, सर्किट बोर्ड, पंख्याची मोटर, कॉम्प्रेसर असे सर्व भाग धरून ५,५०० रुपये.

मध्यम करारात कपॅसिटर घालण्यामागे विचार होता. व्होल्टेज कमीजास्त झाले की सर्वांत आधी बहुधा हाच भाग जातो. मग बाहेरचे यंत्र नुसते गुणगुणते आणि हवा गार होत नाही. पाचांतल्या एका एसीला वर्षात तो लागेल आणि त्याला ३०० रुपये पडतील असे धरले, तर करारामागे ६० रुपयांचा भार येतो. ग्राहकाला मात्र उन्हाळ्यातल्या सर्वांत नेहमीच्या कटकटीतून सुटका मिळते. मधल्या पर्यायात घालण्याजोगी गोष्ट अशी असावी : देणाऱ्याला थोडक्यात पडणारी आणि घेणाऱ्याला खरोखर उपयोगी.

साध्या करारात दोन सफायांचे ८०० गेले, ७०० उरले. मध्यम करारात १,२०० सफायांचे, ५०० फेऱ्यांचे, ६० कपॅसिटरचे असे १,७६० गेले, ९४० उरले. संपूर्ण कराराचा अंदाज असा : चार सफाया १,६००, फेऱ्या ५००, सहांतल्या एकाला गॅस लागेल, २,४०० रुपये, म्हणजे करारामागे ४००, दहांतल्या एकाचा बोर्ड जाईल, ४,५०० रुपये, म्हणजे ४५०, चाळिसांतल्या एकाचा कॉम्प्रेसर, ९,००० रुपये, म्हणजे २२५, मोटर व किरकोळ २००. एकूण ३,३७५ वजा जाता २,१२५ उरले. कोणत्याही पर्यायात तोटा नाही आणि वर जावे तसे उरते ते वाढते, हे पाहूनच दर पक्के झाले. हा हिशेब न करता तीन दर लावणारा माणूस कधी कधी सर्वाधिक खपणाऱ्या पर्यायातच पैसे गमावतो.

फलक एका पानाचा झाला. तीन रकाने, प्रत्येकात त्याच क्रमाने तीन ओळी. सूनबाईंनी एक सुधारणा सुचवली : आकडा जीएसटीसह छापावा. २,७०० सांगून शेवटी १८ टक्के धरून ३,१८६ चे बिल हातात ठेवले, तर चांगल्या मांडणीने मिळवलेला विश्वास त्या एका क्षणात जातो.

आणखी एक नियम ठरला. ग्राहकाने “कमी करा” म्हटले की दर कमी होणार नाही; सेवा कमी होईल. “मध्यम जास्त वाटत असेल तर साधा घ्या, सफाई तेवढीच चांगली होईल,” असे सांगायचे. पहिल्या आठवड्यात मुलाची जीभ अडखळली, पण लवकरच लक्षात आले की उतरायला खालची पायरी असली की ग्राहकही आकड्यावर अडून बसत नाही.

पहिल्या वर्षी शंभर विचारणांत ४८ करार झाले : १४ साधे, २६ मध्यम, ८ संपूर्ण. निम्म्याहून अधिकांनी मधला घेतला. कागदावर साध्यात ९,८००, मध्यमात २४,४४० आणि संपूर्णात १७,००० मिळून ५१,२४० रुपये उरायला हवे होते. मुलगा खूश होता. मार्चमध्ये सूनबाईंनी प्रत्येक कराराच्या नावापुढे प्रत्यक्ष खर्च मांडला आणि वही अण्णांपुढे ठेवली. “अण्णा, वरच्या आठ करारांनी खाल्ले बघा,” एवढेच त्या म्हणाल्या.

आठ संपूर्ण करारांत गॅस, बोर्ड आणि कॉम्प्रेसर यांसाठी एकूण ८,६०० रुपये जातील असा अंदाज होता. प्रत्यक्षात चार एसींना गॅस भरावा लागला, ९,६००. तीन बोर्ड गेले, १३,५००. दोन कॉम्प्रेसर गेले, १८,०००. बेरीज ४१,१००. म्हणजे ३२,५०० रुपये अंदाजाबाहेर. संपूर्ण करारात १७,००० उरण्याऐवजी १५,५०० पदरचे गेले आणि सर्व मिळून हाती राहिले १८,७४० रुपये. इतकी उलथापालथ करून जुन्या १६,००० पेक्षा २,७४० च अधिक.

हे नशीब नव्हते. त्या आठांतले पाच एसी नऊ वर्षांहून जुने होते. ज्याचा एसी कण्हत-कुथत चालतो, तोच माणूस ‘सर्व भाग धरून’ हे शब्द सर्वांत लक्षपूर्वक वाचतो. नव्या, धडधाकट एसीचा मालक मध्यमावर समाधानी असतो. म्हणून वरच्या पर्यायाकडे आजारी यंत्रे आपोआप गोळा होतात आणि शंभर एसींच्या सरासरीवर काढलेला अंदाज त्या आठांना लागू पडत नाही. विमा व्यवसायाला हे दुखणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणूनच तिथे वय विचारतात आणि तपासणी होते. भागांची हमी देणारा प्रत्येक सेवा-व्यवसाय थोडाफार विमाच विकत असतो. पण फलक छापताना हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अण्णा थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. “हा पर्याय आपण मधला खपावा म्हणून मांडला होता ना? म्हणून त्याचा विचारच केला नाही. विकायचा आहे असे समजून बांधला असता, तर वय विचारले असते,” ते म्हणाले. त्यांच्या पहिल्या शंकेचे उरलेले उत्तर त्यांनीच दिले होते. शोभेसाठी ठेवलेला पर्यायही कुणीतरी घेतोच, आणि घेणारा बहुधा तो असतो ज्याला त्यातून सर्वाधिक मिळवायचे आहे.

पुढच्या वर्षी वरचा पर्याय नव्याने बांधला. सात वर्षांपर्यंतचेच एसी. करारापूर्वी एक तपासणी-फेरी, तिच्यात गॅसचा दाब, कॉम्प्रेसर किती विद्युतप्रवाह ओढतो ते आणि कॉइलला गंज आहे का, हे पाहून नोंदवायचे. त्याहून जुन्या यंत्राला मध्यम करार आणि लागतील तसे भाग. तो कुणासाठी आहे, हेही फलकावर स्पष्ट लिहिले : दवाखाना, घरात अंथरुणावर रुग्ण, संगणकाची खोली, म्हणजे जिथे एसी एक दिवसही बंद पडून चालणार नाही अशी जागा. आता तो पर्याय कुणाच्या तरी खऱ्या गरजेचा झाला. मधल्या पर्यायाला त्याच्या शेजाराचा लाभ होत असेल तर होवो. पण त्याचे स्वतःचे कामही आहे, म्हणून तो मांडताना अण्णांना संकोच वाटत नाही.

दुसरी अडचण मध्यम करारातच दडलेली होती आणि ती यशामुळे आली. पूर्वीच्या करारात बिघाडाला केव्हा येणार, याचे वचन नव्हते. आता २४ तास लिहून दिले होते. बिघाडाचे फोन वर्षभर सारखे येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये ते एकदम उसळतात. दोन जोड्यांकडून दिवसाला दहाच फेऱ्या होतात. पहिल्या उन्हाळ्यात सफाया लांबून एप्रिलमध्ये गेल्या आणि त्याच वेळी बिघाडाचे फोन आले; काही ग्राहकांना तीन-तीन दिवस थांबावे लागले. ज्या मध्यम पर्यायावर सर्वांत जास्त लोक उभे राहणार, त्याचेच वचन मोडले तर बोभाटाही सर्वांत जास्त होतो.

उपाय दरात नव्हता, कामाच्या क्रमात होता. सर्व प्रकारचे करार मिळून अडीचशे एसी असतील तर त्यांच्या पहिल्या सफायांना दिवसाला दहा या हिशेबाने पंचवीस दिवस लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला सुरुवात केली तर त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपतात आणि उन्हाळ्यात दोन्ही जोड्या बिघाडासाठी मोकळ्या राहतात. आता जानेवारीतच सूनबाई फोन करून तारखा देतात. मध्यम पर्यायाचे वचन ठरवताना वर्षाची सरासरी पाहून भागत नाही. सर्वांत वाईट पंधरवडा डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

आता त्या दुकानात महिन्याच्या शेवटी वही तीन प्रश्नांसाठी उघडली जाते. बहुतेक करार साधे होत आहेत का? तसे असेल तर मध्यमात जास्तीच्या पैशांना साजेसे काही दिसत नाही, किंवा दोन दरांतले अंतर फार आहे. वरच्या पर्यायाची मागणी अचानक वाढली का? तसे असेल तर आनंद मानण्याआधी यंत्रांची वये पाहावीत. आणि शंभर विचारणांमागे प्रत्यक्ष खर्च जाऊन किती उरले? मधला पर्याय किती टक्क्यांनी घेतला, हा आकडा ऐकायला गोड वाटतो. पण पहिल्या वर्षी तो उत्तम असतानाच गल्ल्यात छिद्र पडले होते.

अलीकडे एक जुने ग्राहक दुकानात आले. निवृत्त शिक्षक, घरी एकच एसी, तोही उन्हाळ्यातले दोन महिने आणि रात्रीपुरता. ते फलकाकडे पाहत म्हणाले, “मधला देऊन टाका, सगळे तोच घेत असतील.” अण्णांनी त्यांना बसवले, वापर विचारला आणि साधा करार लिहून दिला. “गुरुजी, तुम्हाला दोन सफाया पुरेत. फेरी लागलीच तर साडेचारशे द्या,” ते म्हणाले. मुलगा शेजारी उभा होता, काही बोलला नाही.

त्या कराराने दुकानाचे २४० रुपये कमी उरले. सूनबाईंनी ती नोंद नेहमीच्या अक्षरात वहीत घेतली आणि पुढच्या फोनसाठी फलक पुन्हा समोर ओढला.